अकाउंट परत मिळालं, पासवर्डही बदलला, तरी दोन दिवसांत पुन्हा गेलं

"ताई नमस्कार. आमच्या छोट्या व्यवसायाचं इन्स्टाग्राम अकाउंट आणि त्याला जोडलेलं फेसबुक पेज हॅक झालं. कॉपीराइटची तक्रार आलीय, २४ तासांत अपील करा असा मेसेज आला होता, बायकोने घाईत लिंक उघडून लॉगिन केलं आणि आलेला कोडही टाकला. इन्स्टाग्रामच्या मेलमधल्या लिंकवरून अकाउंट परत मिळवलं, पासवर्ड बदलला. दोन दिवसांनी पुन्हा गेलं आणि या वेळी इन्स्टाग्रामचा मेलसुद्धा आला नाही. सेल्फी व्हिडिओ देऊन कसंबसं परत घेतलंय. मधल्या काळात आमच्या कार्डावरून कुणाच्या तरी जाहिराती चालल्या. एकच पासवर्ड आम्ही चौघं वापरतो, मी, बायको, मेसेजना उत्तरं देणारी मुलगी आणि डिझायनर. ओटीपी माझ्या फोनवर येतो, मग मी फोन करून सांगतो. तिसऱ्यांदा जाऊ नये म्हणून काय करू?"

दादा, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं, "या वेळी मेलसुद्धा आला नाही". माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. अकाउंटचा ईमेल किंवा पासवर्ड बदलला की इन्स्टाग्राम security@mail.instagram.com वरून मेल पाठवतंच, पहिल्या वेळी तो तुम्हाला मिळाला आणि त्यातल्या लिंकवरून तुम्ही बदल उलटवला. दुसऱ्या वेळी तो पाठवला गेला नाही असं नाही हो, तो तुमच्या डोळ्यांसमोर येऊ दिला नाही. म्हणजे हॅकर फक्त इन्स्टाग्राममध्ये नव्हता, तुमच्या जीमेलमध्येही बसलेला होता आणि कदाचित अजूनही असेल. तुम्ही इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलत राहिलात आणि तो मेलमध्ये बसून "पासवर्ड विसरलो" दाबून नवीन घेत राहिला.

मेलपर्यंत तो पोचला कसा, तर बऱ्याच ठिकाणी मेलचा आणि इन्स्टाग्रामचा पासवर्ड एकच असतो किंवा शेवटचा एखादा आकडा वेगळा असतो. शिवाय ती खोटी अपीलची पानं पुढच्या स्क्रीनवर मेलचा पासवर्डही मागतात आणि घाबरलेला माणूस तोही देऊन टाकतो. वहिनींना एकदा शांतपणे विचारा त्यांनी नेमकं काय काय टाकलं होतं, पण रागावू नका, कारण त्यांनी काही लपवलं तर आपल्यालाच शोधता येणार नाही.

माझ्या ओळखीतल्या एका बाईंचं अगदी असंच झालं होतं, मी त्यांच्या शेजारी बसून बघितलंय. आम्ही कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं, वर कोपऱ्यातल्या चाकावर क्लिक करून See all settings आणि मग Filters and Blocked Addresses. तिथे एकच ओळ होती, त्या म्हणाल्या हे मी कधीच केलं नाही. ओळ अशी होती:

```
Matches: from:(security@mail.instagram.com)
Do this: Skip Inbox, Mark as read, Delete it
```

बस एवढंच. इन्स्टाग्रामचा प्रत्येक सावधानतेचा मेल येत होता आणि त्याच क्षणी वाचलेला म्हणून खूण होऊन कचऱ्यात जात होता, फोनवर साधं नोटिफिकेशनही वाजत नव्हतं. आम्ही ट्रॅश उघडलं तर तिथे सात मेल पडलेले, तारीख आणि वेळेसकट सगळा हिशोब, कधी ईमेल बदलला, कधी पासवर्ड बदलला. जीमेल ट्रॅशमधले मेल ३० दिवस ठेवतं, त्यामुळे तुम्हीही आजच बघा, आणि हे मेल पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा, बँकेला दाखवायला लागतील. महत्त्वाचं म्हणजे फिल्टरची ही यादी फोनमधल्या जीमेल ॲपमध्ये दिसत नाही, कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्येच उघडावी लागते. म्हणून फोनवरच सगळं करणाऱ्यांना हे महिनोन्‌महिने कळत नाही. पासवर्ड बदलला तरी फिल्टर तसाच राहतो, हे तर फारच कमी लोकांना माहीत असतं.

आता क्रम सांगते, तो उलटा करू नका.

सगळ्यात आधी कार्ड. बँकेला फोन करून कार्ड ब्लॉक करा आणि जाहिरातींचे व्यवहार तुमचे नाहीत अशी लेखी तक्रार द्या. जाहिरातीच्या खात्यातून कार्ड काढून टाकू असं मनात येतं, पण बिल बाकी असेल तर ते काढू देत नाही, आणि तुम्ही तिथे झगडत बसता तोवर जाहिराती चालूच राहतात. चालू असलेली प्रत्येक अनोळखी जाहिरात बंद करा पण डिलीट करू नका, पुरावा आहे तो. Payment activity चं पान सेव्ह करून ठेवा.

दुसरं, कुठल्या मशीनवर बसून हे काम करणार ते ठरवा. तुमच्या प्रकरणात खोट्या पानावर लॉगिन झालंय, त्यामुळे कॉम्प्युटर स्वच्छ असण्याची शक्यता बरीच आहे. पण चौघांपैकी कुणी "कोलॅबरेशनची माहिती" म्हणून आलेली झिप फाइल उघडली असेल किंवा क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर टाकलं असेल (डिझायनरला हे नक्की विचारा) तर गोष्ट वेगळी होते. असले प्रोग्राम नुसते पासवर्ड चोरून थांबत नाहीत, ब्राउझरमध्ये आपण लॉगिन आहोत याची जी खूण साठवलेली असते ती कुकीही उचलतात, आणि ती मिळाली की ना पासवर्ड लागत ना ओटीपी, थेट आतच. ओळखायचं कसं, तर एकाच वेळी तीन-चार वेगवेगळी अकाउंट जातात आणि एकाचाही ओटीपी आलेला नसतो. तसं असेल तर तो कॉम्प्युटर फॉरमॅट होईपर्यंत त्यावरून कशातही लॉगिन करू नका, दुसऱ्या स्वच्छ मशीनवरून काम करा, नाहीतर नवा पासवर्डही तिकडे जाईल.

तिसरं मेल, आणि इथे पूर्ण एक तास द्या. नवीन पासवर्ड टाका, असा जो दुसरीकडे कुठेच वापरलेला नाही. गूगलचा पासवर्ड बदलला की बहुतेक ठिकाणांहून लॉगआउट होतं पण सगळीकडून नाही, तुम्ही परवानगी दिलेल्या काही बाहेरच्या ॲप्सचा प्रवेश टिकू शकतो, म्हणून myaccount.google.com/security उघडून Your devices मध्ये प्रत्येक अनोळखी डिव्हाइस हाताने साइनआउट करा आणि myaccount.google.com/connections वर जाऊन जे ॲप ओळखीचं नाही ते काढा. रिकव्हरीचा फोन आणि ईमेल तुमचाच आहे ना बघा. मग जीमेलच्या सेटिंगमध्ये तीन जागा, फिल्टर तर सांगितलंच, दुसरी Forwarding and POP/IMAP, तिथे मेल कुठल्या अनोळखी पत्त्यावर पुढे जातोय का, आणि तिसरी Accounts मधलं Grant access to your account, तिथे दुसऱ्याचा पत्ता असेल तर तो माणूस तुमचा पासवर्ड माहीत नसतानाही तुमचे मेल वाचतोय. फॉरवर्डिंग पण पासवर्ड बदलल्याने बंद होत नाही. इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे बारीक अक्षरात Details असतं, त्यावर क्लिक केलं की मेल शेवटी कुठून कुठून उघडला गेला ते दिसतं, तुम्ही कधी न गेलेल्या ठिकाणाचं नाव दिसलं तर समजा माझा अंदाज बरोबर होता.

समजा हे करताना असं दिसलं की जीमेलमध्येच शिरता येत नाही, तर g.co/recover वरून करा, आणि नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या फोन किंवा कॉम्प्युटरवरून, नेहमीच्याच ब्राउझरमधून करा, गूगल या गोष्टी बघतं. हॅकरने रिकव्हरीचा नंबर बदलला असला तरी पुढचे ७ दिवस जुन्या नंबरवर कोड पाठवायचा पर्याय गूगल देऊ शकतं, म्हणून "उद्या बघू" करू नका.

मेल पूर्ण आपल्या हातात आला की मगच इन्स्टाग्राम. पासवर्ड बदला, Accounts Center मध्ये Password and security, त्यात Where you're logged in, तुमचं एक डिव्हाइस सोडून बाकी सगळी बाहेर काढा, आपल्याच माणसांची असली तरी. मग Personal details मधलं Contact info बघा. हॅकर हुशार असेल तर तुमचा ईमेल काढतच नाही, शेजारी स्वतःचा दुसरा जोडून ठेवतो, आपण आपला ईमेल जागेवर बघून निवांत होतो आणि खालची ओळ वाचतच नाही. तसंच Accounts Center मध्ये कुठली प्रोफाइल्स जोडलेली आहेत ती यादी बघा, अनोळखी प्रोफाइल असेल तर काढा. आणि टू-फॅक्टरच्या, म्हणजे पासवर्डनंतर कोड मागण्याच्या सेटिंगच्या पानावर, कोड बनवणारं ऑथेंटिकेटर ॲप आधीच जोडलेलं दिसलं आणि ते तुम्ही जोडलं नसेल, तर तो हॅकरचा फोन आहे! ते काढून पूर्ण नव्याने सेट करा. हेच सगळं फेसबुकच्या प्रत्येक वैयक्तिक अकाउंटवर पण, कारण पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो, पेज ज्या माणसांच्या अकाउंटवरून चालतं त्यातलं कुठलंही एक गेलं की पेज गेलं. वहिनींचं फेसबुक सगळ्यात आधी.

यापुढे कधी अडकलात तर instagram.com/hacked आणि facebook.com/hacked, एवढे दोनच पत्ते. सेल्फी व्हिडिओ तुम्हाला चालला कारण अकाउंटवर वहिनींचे फोटो असणार, ज्या धंद्याच्या अकाउंटवर फक्त वस्तूंचे फोटो असतात तिथे चेहरा जुळवायला काही नसतं, मग अकाउंट उघडताना कुठला ईमेल किंवा नंबर होता, कुठल्या प्रकारचा फोन होता असली माहिती विचारतात, ती आत्ताच लिहून ठेवा. "मी अकाउंट परत मिळवून देतो, थोडे पैसे द्या" म्हणणारे मेसेज तुम्हाला आले असतीलच, त्यातल्या एकालाही उत्तर देऊ नका, पैसे घेऊन पळतात किंवा तुमच्याकडून कोड काढून घेऊन उरलेलंही नेतात.

आता बिझनेसची सेटिंग, business.facebook.com/settings. इथे People आणि Partners ही दोन पानं सावकाश वाचा. हॅकर स्वतःला माणूस म्हणून न जोडता Partners मध्ये एखादा भलताच बिझनेस जोडून ठेवतो, नाव पण असं देतो की अधिकृत वाटावं, आणि आपण फक्त माणसांची यादी बघून उठतो. मग पेज, इन्स्टाग्राम अकाउंट आणि जाहिरातीचं खातं, प्रत्येकावर क्लिक करून त्याला कुणाकुणाचा प्रवेश आहे ते बघा. जाहिरातीच्या खात्यावर एकूण खर्चाची मर्यादा टाकून ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी घुसलंच तरी त्या आकड्यावर गाडी थांबेल.

टू-फॅक्टरबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तुमचा ओटीपी चालूच होता आणि तरी अकाउंट गेलं, त्यामुळे "याचा काही उपयोग नाही" असं वाटणं साहजिक आहे. वहिनींनी कोड त्या खोट्या पानावर टाकला आणि पलीकडे त्याच क्षणी तो खऱ्या इन्स्टाग्रामवर टाकला गेला, म्हणजे कोडने त्याचं काम केलं, फक्त दार चोरासाठी उघडलं. एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप घ्याच, त्याने सिमकार्ड दुसऱ्याने आपल्या नावावर काढून घेण्याचा धोका जातो. पण खोट्या पानावर टाकलेला ॲपचा कोडही तसाच जातो हे लक्षात ठेवा. त्या ॲपमध्ये होतं काय, तर सेट करताना जो क्यूआर कोड दिसतो त्यात एक गुप्त किल्ली असते, ती किल्ली आणि घड्याळातली वेळ मिळून दर ३० सेकंदांना ६ आकडी कोड तयार होतो, इंटरनेट पण लागत नाही. म्हणून फोनचं घड्याळ पुढे-मागे असेल तर बरोबर कोड पण चुकीचा ठरतो, तेव्हा घाबरू नका, वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा. आणि त्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून चौघांच्या ग्रुपवर टाकायचा मोह खूप होतो, तो अजिबात नको, तो फोटो ज्याच्या हाती लागला त्याला तुमचे सगळे पुढचे कोड कायमचे मिळाले.

खोट्या पानापासून खरोखर वाचवतात त्या पासकी आणि सिक्युरिटी की. पासकी तुमच्या फोनमध्ये असते आणि बोटाच्या ठशाने किंवा स्क्रीनलॉकने उघडते, सिक्युरिटी की म्हणजे पेनड्राइव्हसारखी छोटी वस्तू. दोन्ही साइटच्या खऱ्या पत्त्याला बांधलेल्या असतात, पत्त्यात एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी त्या कामच करत नाहीत, माणूस फसला तरी किल्ली फसत नाही. जीमेलला पासकी आजच लावा, कारण बाकी सगळं शेवटी त्या मेलवर उभं आहे. मग बॅकअप कोड. गूगल ८ आकडी असे १० कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो, नवीन संच काढला की जुने आपोआप रद्द. हॅकर आत होता म्हणजे जुने कोड त्याने बघितलेत असंच धरून चाला आणि नवीन संच काढा, इन्स्टाग्राम आणि फेसबुकचेही. कागदावर छापून कपाटात ठेवा, त्याच जीमेलमध्ये ड्राफ्ट करून ठेवू नका, ज्या दिवशी लागतील त्या दिवशी ते जीमेलच बंद असेल.

उरला चौघांचा एक पासवर्ड. तुम्ही फोनवर ओटीपी सांगता ना, त्याची मला पासवर्डपेक्षा जास्त काळजी वाटते. कारण तुमच्या घरात कोड सांगणं हे रोजचं काम झालंय, उद्या कुणी तुमच्या त्या मुलीच्या नावाने "सर कोड आला का" असा मेसेज केला तर तुम्ही सवयीने सांगून मोकळे व्हाल. हे बंद करायला एकमेकांवर विश्वास नाही असं काही म्हणायला लागत नाही, प्रत्येकाला स्वतःची किल्ली द्यायची बस. इन्स्टाग्राम अकाउंट आणि पेज दोन्ही वर सांगितलेल्या बिझनेसच्या सेटिंगमध्ये, म्हणजे तुमच्या बिझनेस पोर्टफोलिओत जोडा आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या फेसबुक अकाउंटने आत घ्या. पूर्ण कंट्रोल दोघांनाच, तुम्ही आणि वहिनी. एकालाच ठेवू नका, त्याचं अकाउंट अडकलं तर आतून दार उघडायला कुणी उरत नाही, आणि तिसरा पण नको. मेसेजना उत्तरं देणाऱ्या मुलीला फक्त मेसेजेस आणि कमेंट्सचा प्रवेश द्या, ती मेटा बिझनेस सूटमधून इन्स्टाग्रामच्या मेसेजना उत्तर देईल, तिला इन्स्टाग्रामचा पासवर्ड कधी कळायची गरजच नाही. डिझायनरला पोस्ट टाकण्यापुरता, जाहिरातीच्या खात्याला हात नाही, आणि काम संपलं त्या दिवशी काढून टाका, तसं त्याला सुरुवातीलाच सांगून ठेवा म्हणजे वाईट वाटत नाही. त्याच सेटिंगमध्ये Security Center आहे, तिथे सगळ्यांसाठी टू-फॅक्टर सक्तीचं करा, ज्याने लावलं नाही त्याला आतच येता येणार नाही, तुम्हाला मागे लागायला नको.

गिऱ्हाइकांना एक छोटी पोस्ट टाकून सांगा की अमुक ते अमुक तारखेदरम्यान आमच्या नावाने कुणी पैसे किंवा लिंक पाठवली असेल तर ती आमची नव्हती. मेसेजबॉक्स उघडून हॅकरने कुणाकुणाला काय पाठवलंय ते बघा, त्या प्रत्येकाला वेगळं कळवा, नुसत्या पोस्टवर सोडू नका.

आणि हे सगळं झालं की एक परीक्षा करा. कधी लॉगिन न केलेल्या एखाद्या फोनवरून, घरातल्याच कुणाचा तरी घ्या, इन्स्टाग्रामवर लॉगिन करा आणि घड्याळ लावून जीमेलचा इनबॉक्स बघत बसा. नवीन लॉगिनचा मेल पाच-दहा मिनिटांत इनबॉक्समध्ये दिसला तर ठीक, त्या फोनवरून लॉगआउट करून टाका. नाही दिसला तर आधी स्पॅम बघा, मग ट्रॅश, आणि तो ट्रॅशमध्ये सापडला तर कुठला तरी फिल्टर अजून राहिलाय, पुन्हा कॉम्प्युटरवर जाऊन ती यादी उघडा, आणि तिथे जे दिसेल ते जसंच्या तसं मला लिहून पाठवा.